लाल फुलीवरची निळी शाई

सहामाहीचे गणिताचे पेपर मी नववीच्या वर्गात वाटले, आणि दुसऱ्याच दिवशी एक मुलगी वडिलांना घेऊन शिक्षकांच्या खोलीत आली. वडील सैन्यातून निवृत्त होऊन विट्याजवळ शेती बघत होते.

"मॅडम, पोरीची तीन उत्तरं बरोबर हायत आन् तुमी फुल्या मारल्यात. परत तपासा."

मी पेपर घेतला. उत्तर अठरा, बरोबर होतं. पण त्याच्या वरच्याच ओळीत तिनं तेरा लिहिलं होतं. इंग्रजी तीनचा आठ करताना आकडा जाड झाला होता. मी पेपर खिडकीपाशी नेला. माझ्या लाल फुलीवरून निळी रेघ गेली होती. म्हणजे आकडा फुलीनंतर गिरवलेला. बाकीच्या दोन उत्तरांतही तसंच.

"पेपर मिळाल्यावर हे बदललंय," मी म्हटलं. "ही तीन मला तपासता येणार नाहीत."

त्यांनी मुलीकडं पाहिलं. "काय गं?"

ती खाली बघत म्हणाली, "पप्पा, रात्री तुमीच गिरवलं की. मी नको म्हणत हुते."

पहिली थप्पड इतक्या जोरात बसली, की मुलगी कपाटावर आदळली. त्यांनी तिची वेणी मनगटाला गुंडाळून तिला ओढलं आणि कानशिलावर मारत राहिले. "बापाला खोटं पाडतीस?" मी मध्ये शिरले. त्यांचं कोपर माझ्या तोंडावर बसलं, ओठ फाटला. तरी मी त्यांचा हात सोडला नाही. तेवढ्यात त्यांची लाथ तिच्या पोटात बसली आणि ती टेबलाखाली दुमडली. शिपाई आणि मुख्याध्यापक धावत आले. दोघांनी मिळून त्यांना भिंतीला दाबून धरलं, तरी ते पाय झाडतच होते.

मुलीच्या कानातून रक्त येत होतं. तिची आई आली आणि आम्ही मुलीला मिरजेला दवाखान्यात नेलं. कानाचा पडदा फाटला होता.

मुख्याध्यापक म्हणाले, "गावातलं माणूस आहे, मिटवून टाकू." मी न ऐकता पोलीस ठाण्यात जबाब दिला. तिच्या आईनंही दिला. त्यानंतर आई मुलीला घेऊन मलकापूरला भावाकडं राहायला गेली.

दाखला न्यायला दोघी आल्या, तेव्हा मुलगी डावा कान माझ्याकडं वळवून उभी राहिली. उजव्यानं अजून नीट ऐकू येत नव्हतं.

"मॅडम, मला फक्त चौथ्याचं इचारायचं हुतं. रीत बरोबर हाय, पण गुणच न्हाईत. पप्पा म्हणाले, एका गुणानं काय हुतंय."

चौथ्या उत्तराला कुणी हात लावला नव्हता. मी तिचा पेपर काढून रीत पहिल्यापासून वाचली. पायरी बरोबर होती, माझ्याच नजरेतून सुटली होती. मी तिथं एक गुण लिहून बाजूला सही केली. गिरवलेल्या तिन्ही उत्तरांना शून्यच ठेवलं.

"बरोबर हाय," ती म्हणाली, आणि आईच्या हातातला दाखला घेऊन नीट वाचू लागली.