तारमास्तरांची पाच मिनिटं

मालवणच्या पोस्टातले तारमास्तर सहदेव पेडणेकर म्हणजे शब्दांचे वैरी. माणूस खिडकीशी येऊन आजारपणाची सगळी रामकहाणी सांगायचा, डोळे पुसायचा, आणि मास्तर त्याचे सहा शब्द करून ते मुंबईला पाठवून द्यायचे. अर्थ मात्र कधी सांडला नाही. बायकोला माहेरी पाठवलेल्या पत्रातही हा गृहस्थ ‘बरा आहे, तू ये’ एवढंच लिहायचा, आणि ती यायची.

तेव्हा अठ्ठावन्न सालच्या वैशाखात तारकर्लीचे भिकाजी तांडेल एक वही घेऊन त्यांच्याकडे आले, यात नवल काहीच नव्हतं. होडीवर भिकाजींच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. पण जमिनीवर त्यांचे शब्द त्यांनाच आवरत नसत. थोरल्या मुलीच्या लग्नात ते बोलायला उभे राहिले आणि पणजोबांच्या गलबतापासून सुरुवात केली. अर्ध्या तासानं पंगत बसली, मंडळी एकेक करून पत्रावळीकडे सरकली, आणि मुलीसाठी राखून ठेवलेलं बोलणं भिकाजींच्या तोंडातच राहिलं. मुलगी सासरी गेली ती ते न ऐकताच.

आता पुतणीचं लग्न होतं. प्रेमलता चार वर्षांची असताना तिचा बाप, भिकाजींचा धाकटा भाऊ शिवा, वादळात गेला. आई त्याआधीच गेलेली. पोर काकानंच वाढवली. नवरा निवतीचा, वऱ्हाड होडीनं येणार, आणि पाठवणीच्या वेळी काका बोलणार.

“मास्तरानू, दोन वाजता भरती पुरी,” भिकाजी म्हणाले. “तेच्या मागसून खाडयेच्या तोंडार पाणी उतराक लागता, होडी वाळयेर बसतली. सगळ्यांचा निरोप धरून माका पाच मिनटां गावतली. दर्याकडे काय मी सवलत मागूक शकत नाय.”

मास्तरांनी वही वाचायला सांगितली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. वाचन संपलं तेव्हा बेचाळीस मिनिटं झाली होती. “ठेवा हय,” मास्तर म्हणाले, “परवा येवा.”

घरी बसून त्यांनी आपला नेहमीचा हात चालवला. विशेषणं उडवली, ‘आणि’ उडवले, एका वाक्यात मावेल ते दोन वाक्यांत ठेवलं नाही. तासाभरात बेचाळीस मिनिटांची चार झाली. सगळे प्रसंग होते, एकही सुटला नव्हता. खूश होऊन त्यांनी ते बायकोला, सावित्रीला, वाचून दाखवलं. ती सुपात तांदूळ निवडत होती. ‘भाऊ बुडाला. पोर आणली. शाळेत घातली. सुरमई विकायला गेली, परतली.’

“ह्यां लग्नाचा भाषण काय मयताची तार?” सावित्री म्हणाली. “हेच्यात भिकाजी खंय आसा?”

मास्तरांना ते लागलं. वीस वर्षांत त्यांच्या मजकुराला कोणी नाव ठेवलं नव्हतं. ते तिरमिरीत म्हणाले, “मगे मूळ वही वाचतंय, ऐक. बेचाळीस मिनटां.”

“वाचा. तांदूळ खूप आसत.”

पणजोबांचं गलबत आलं, सावित्रीचे हात सुपात चालूच. सोयऱ्यांची नावं, देवळाच्या कौलाची हकीकत, शाळेचा दाखला, हात चालूच. मग सुरमईची गोष्ट आली आणि हात थांबले. ती हसली. पुढे पुन्हा मुलाकडच्यांचे आभार आणि गावकऱ्यांची स्तुती, पुन्हा तांदूळ. शेवटच्या दोन पानांवर, वल्ह्याच्या गोष्टीला, तिनं सूप खाली ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावला.

तिचे हात थांबले तिथे मास्तर वाचता वाचता पेन्सिलीनं खुणा करत गेले होते. वही मिटल्यावर पाहिलं तर अख्ख्या वहीत दोनच खुणा. आपण चुकलो कुठे ते त्यांना तेव्हा उमगलं. तारेत मजकूर सगळा राखायचा आणि शब्द मारायचे. इथे उलटं हवं होतं. गोष्टीच्या गोष्टी टाकायच्या, पण जी राखायची तिचं अक्षरही मारायचं नाही. माशाचे सगळे काटे एका ताटात वाढून भूक भागत नाही, दोन तुकडे पुरे.

सांगितल्या दिवशी भिकाजी आले आणि भडकले. “पणज्याक काढलात?”

“काढलंय.”

“देवळाचो कौल? पाव्हण्यांचे आभार?”

“आभार पानसुपारी देताना माना. पणज्याक त्या पोरीन बघूक नाय. तुमचा भाषण तिच्यासाठी, की तुमच्या गलबतासाठी?”

भिकाजी खाली बसले. वहीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, “वाचतंय.” सुरुवात थेट सुरमईपासून होती. मास्तरांनी तीनदा वाचून घेतलं, प्रत्येक वेळी घड्याळ लावून. शेवटची तीन वाक्यं कागद न बघता म्हणायला लावली, कारण त्या वेळी डोळ्यांना अक्षरं दिसतील याचा भरवसा नव्हता. वाचन चार मिनिटांत बसलं.

“एक मिनिट उरलां,” भिकाजी आशेनं म्हणाले. “तेच्यात पणज्याक…”

“तां लोकांच्या हसण्याचा.”

लग्नाच्या दिवशी ते सावित्रीला घेऊन तारकर्लीला गेले. जेवणं उरकली. खाडीच्या काठी, माडांखाली, वऱ्हाड उभं राहिलं. पाणी काठोकाठ चढलं होतं. भिकाजी पुढे झाले तशी गावची दोन-चार माणसं सावली धरून बसली. त्यांना तांडेलांचा अनुभव होता.

“ही आठ वर्षांची असताना मी हिका दोन सुरमया देवन मालवणाक धाडलंय,” भिकाजींनी सुरुवात केली. “एक गिऱ्हाईक म्हणाला, मासो शिळो. हिना मासे उचलल्यान, म्हणाली, माझ्या काकाच्या माशाक नाव ठेवतास, तुका पैसे देवनय मिळाचो नाय. आणि दोनय सुरमया घराक परत. दोन दिस आमी सुरमयच खाल्लंव.” नवऱ्याकडचे खदखदून हसले. भिकाजी थांबले, हसू ओसरू दिलं. बसलेली माणसं उठून उभी राहिली.

मग ते शिवाबद्दल बोलले. नुसतं एवढंच, की तो गेल्यावर आपण सहा महिने दर्यात उतरलो नाही.

इथे भिकाजींना अक्षरं दिसेनाशी झाली. त्यांनी कागद मिटला. मास्तरांनी खिशातलं घड्याळ बाहेर काढलं होतं, पण त्याकडे पाहिलंच नाही. प्रेमलतेनं काकाकडे नजर लावली होती.

“लोक म्हणतत, मी हिका वाढयलंय,” भिकाजी कागद न बघता म्हणाले. “तसा नाय. चार वर्षांची ही पोर रोज सकाळी माझा वल्हां फरफटत पाण्याकडे न्हेय, आणि माझी वाट बघीत उभी रव्हय. एक दिस माका लाज वाटली, मी उतरलंय. माका दर्यात परत हिना घातल्यान.”

संपलं होतं. मंडळी अजून ऐकतच उभी होती. नवऱ्याचे वडील पुढे येऊन म्हणाले, “तांडेलानू, आजून सांगा. आमका ऐकूचा आसा.” असं भिकाजींना जन्मात कोणी म्हटलं नव्हतं.

त्यांनी एकवार पाण्याकडे पाहिलं. “भरती पुरी झाली,” ते म्हणाले, “आता थांबाचा नाय.” प्रेमलतेला त्यांनी स्वतः उचलून होडीत बसवलं. मग धोतर खोचून कमरेएवढ्या पाण्यात उतरले, पुढच्या टोकाला, नाळेला, खांदा लावला, आणि आपल्या पोरीची होडी दर्याकडे ढकलून दिली.