हिरव्या शटरचं दुकान

आमच्या स्क्रीन प्रिंटिंगच्या मशीनला चार हात आहेत. चार हात म्हणजे चार फ्रेम, आणि चार फ्रेम म्हणजे चार रंग. पाचवा मागणाऱ्याशी मी भांडते, हे अख्ख्या पेठेला ठाऊक आहे.

चाचा त्याच पेठेतले शिंपी. उभा जन्म एका गाळ्यात गेला आणि आता त्या गाळ्याची इमारत पाडणार होते. जुन्या गिऱ्हाइकांना आठवण म्हणून ते स्वतः मांजरपाटाच्या पिशव्या शिवून देणार होते. छापायला त्यांनी मुलीने समोरच्या गच्चीवरून काढलेला फोटो आणला होता. त्यात छपरं, टाक्या, तारा, लांबवर शिखर आणि खाली कोपऱ्यात त्यांचा गाळा.

मी कॉम्प्युटरवर फोटो काळा-पांढरा केला, थोडा धूसर केला आणि पोस्टराइझ करून उजेडाच्या चार पायऱ्या पाडल्या. सगळ्यात उजळ पायरीला, म्हणजे आभाळाला, सायीचा रंग, मग पिवळा, मग विटकरी आणि सावल्यांना गडद निळा. कडांच्या रेघाही त्याच निळ्यात. तारांचा गुंता नको म्हणून फिक्या रेघा गाळून टाकल्या. चित्र असं उतरलं की माझी मीच खूश.

चाचांनी चष्मा पुसला आणि पडद्यावर बोट फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "झ्याक झालंय. पर माझं दुकान कुठं हाय?"

मी तोऱ्यात दाखवायला गेले आणि थांबले. दुकान नव्हतंच. शटर हिरवं, भिंत राखाडी, पण दोन्हींचा उजेड सारखा, म्हणून दोन्ही एकाच विटकरी पायरीत गेली होती. मधली रेघही फिकी, ती मीच तारांबरोबर पुसली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शहर राहिलं होतं आणि ज्याच्यासाठी ते छापायचं तोच गाळा गेला होता.

चाचा मलाच समजावू लागले, जाऊ दे पोरी, मशीनला काय कळतंय. त्याचंच जास्त लागलं. कळायला हवं होतं मला.

पण हिरव्याला पाचवी फ्रेम आणायची कुठून? तेवढ्यात त्यांनी नमुन्याची पिशवी टेबलावर पसरली आणि माझी ट्यूब पेटली. मांजरपाट मुळातच सायीच्या रंगाचं. आभाळ छापायचंच कशाला? तिथे कोरं कापड ठेवलं की एक फ्रेम सुटते. मग मूळ फोटो समोर ठेवून मी शटर हाताने कापून वेगळं केलं, त्यात हिरवा भरला आणि कडेची रेघ पुन्हा ओढली.

फोटोत शटर अर्धंच वर होतं. खाली काळोखाची पट्टी उरत होती. एवढ्याशा चित्रात ती डाग वाटेल म्हणून मी शटर खालपर्यंत ओढू का, असं विचारलं.

"नगं," चाचा म्हणाले. "आत मी बसलोय की."

ती पट्टी मी गडद निळ्यात तशीच ठेवली.