गिळण्याएवढी जागा

डबिंगच्या स्टुडिओत तिला सगळे 'कात्री' म्हणत. परभाषेतलं वाक्य मराठीत आलं की लांबतं, आणि पडद्यावरचा माणूस तर तोवर तोंड मिटून मोकळा झालेला असतो. अर्थाला धक्का न लावता ते लांबलेलं छाटायचं, हे तिचं काम. जाहिराती, कार्टून, पिठाच्या गिरणीची माहिती, सगळ्यांना तिने मराठी बोलायला लावलं होतं. नवरा म्हणायचा, "कागदावर एवढं आखूड लिहितेस, मग घरात..." आणि पुढचं स्वतःच छाटायचा.

एका इस्पितळाचा व्हिडिओ आला तेव्हा तिने तो मागून घेतला. अर्धांगवायू झालेल्या माणसाला भरवायचं कसं, ते त्यात नातेवाइकांना शिकवलं होतं. तिचे सासरे त्याच दुखण्याने अंथरुणाला खिळले होते.

काम छान झालं. एक जागा तर तिला फारच आवडली होती. शिकवणारी बाई कॅमेऱ्याकडे बघून ओठ मिटून उघडते, एवढासा शब्द बोलते आणि गप्प होते. मग पडद्यावर नुसता रुग्णाचा गळा दिसतो. कात्रीने तिथे लिहिलं होतं, "पुढचा चमचा आधीचा घास गिळल्यावरच द्या." 'पुढचा'मधला 'पु' त्या मिटलेल्या ओठांवर अगदी चपखल बसला. उरलेलं वाक्य गळ्याच्या दृश्यावर गेलं. तिथे तोंडच दिसत नाही, मग जुळवायचं कशाशी? रेकॉर्डिस्ट खूश, इस्पितळही खूश.

दुपारी तिने तो घरी लावला. नवरा सासऱ्यांना घट्ट सूप भरवत होता, एक डोळा पडद्यावर ठेवून. "पुढचा चमचा" ऐकू आलं आणि त्याचा हात उचलला गेला. सासऱ्यांचा पहिला घोट अजून तोंडातच होता.

ते ठसकले. चेहरा लालबुंद झाला, डोळे पाण्याने भरले. नवऱ्याने त्यांना पुढे वाकवून धरलं. ते जोराजोरात खोकत राहिले. घोट बाहेर पडला, श्वास मोकळा झाला, आणि मग कुठे तिच्या जिवात जीव आला.

"मी घाई केली," नवरा म्हणाला.

"तू नाही. मी तुला सांगितलं दे म्हणून."

तिने व्हिडिओ मागे नेऊन मूळ भाषेत ऐकला. ती बाई एक शब्द बोलून गप्प बसली होती ती रुग्णाच्या गळ्याची गाठ वर जाऊन खाली येईपर्यंत. ती शांतता मोकळी जागा नव्हतीच, तोच धडा होता. आणि कात्रीने तो शब्दांनी भरून टाकला होता.

तिने रेकॉर्डिस्टला फोन लावला.

"ताई, सगळं जुळलंय की!"

"बोलणारीचं तोंड जुळलंय रे, गिळणाऱ्याचं नाही. आवाज देणारीला थांबव, मी येतेय."

वाटेत रिक्षातच तिने वाक्य मोडून पुन्हा बांधलं. काय बघायचं ते आधीच, चमच्याच्या दृश्यावर: "गळ्याची गाठ वर जाऊन खाली येते का, बघा." मग बाईचा चेहरा, आणि एकच शब्द, "थांबा." त्यातला 'थां' चेहरा दिसायच्या किंचित आधी सुरू करायचा, म्हणजे 'बा'साठी मिटणारे ओठ बाईच्या ओठांबरोबर मिटतील. त्यानंतर काहीच नाही. गाठ खाली आली की "आता पुढचा."

आवाज देणारी मुलगी तीनदा चुकली. चौथ्यांदा बसलं. रेकॉर्डिस्ट म्हणाला, "मध्ये फार रिकामं वाटतंय. थोडं संगीत घालू?"

"काही घालू नकोस!" ती एवढ्या जोरात ओरडली की काचेपलीकडची मुलगी दचकली.

नवी प्रत पाठवून ती इस्पितळात गेली. तिथल्या गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "मी मजकूर वाचून बरोबर म्हटलं हो, चित्रासोबत नीट बघितलं नाही. सकाळीच दोन रुग्णांच्या घरच्यांना दाखवला."

पहिल्या घरी लगेच फोन लागला. त्यांनी अजून भरवलं नव्हतं. दुसरा नुसता वाजत राहिला. बाई पुन्हा पुन्हा लावत होत्या. कात्री बाकावर बसून होती. तिला सारखे सासऱ्यांचे पाणावलेले डोळे दिसत होते, फक्त चेहरा कुणा अनोळखी माणसाचा.

संध्याकाळी तिकडून उलटा फोन आला. एक तरुण बाई बोलत होती, मागे भांड्यांचा आवाज. "आई जेवून झोपल्यात. मोबाईल चार्जिंगला होता. का हो, काही झालं का?"

व्यायामाच्या बाई तिला सावकाश समजावू लागल्या. कात्रीने घरी फोन लावला.

"बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत. सूप मागतायत."

"मी येईपर्यंत थांब," ती म्हणाली आणि जिन्याकडे धावली.