मर्ज सॉर्ट मीच शिकवला होता

वारज्याच्या खोलीत मी मैत्रिणीला आकडे चढत्या क्रमानं लावणारा मर्ज सॉर्ट शिकवला. ‘७, ३, ८, २ घे. फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, स्वतःलाच बोलावत यादीचे अर्धे-अर्धे भाग करतं, एकेक आकडा सुटा होईपर्यंत. मग जोडत यायचं: ३, ७ आणि २, ८. दोन्हींच्या तोंडाशी जो लहान, तो आधी उचलायचा: २, ३, ७, उरला ८.’

नोकरीच्या मुलाखतीला ती माझ्याआधी आत गेली. बाहेर येऊन म्हणाली, ‘फक्त घरच्यांबद्दल विचारलं गं.’

मला मात्र आत साहेबांनी मर्ज सॉर्टच विचारला. मी फळ्यावर तेच आकडे मांडले. साहेब हसले. ‘मघाच्या मुलीनं हेच लिहिलं. तुम्हाला तिनंच शिकवलं, म्हणत होती.’

मी खरं सांगितलं. ‘असं का,’ एवढंच ते म्हणाले.

नोकरी तिला लागली. ती पेढे घेऊन आली, तेव्हा मी दार उघडलं नाही.