दोघींच्या सहीचं खातं

माझी आत्या कपडे शिवते आणि नाकावर माशी बसू देत नाही. पहिलं काम पोटासाठी, दुसरं हौसेखातर. दुकानदाराकडे सुटे नसले म्हणून दोन रुपये द्यायचे राहिले, तर ती घरी येऊन चप्पलही काढत नाही. सुटे शोधते आणि उलट्या पावली जाऊन त्याच्या हातावर टेकवून येते. "उद्या मी मेले तर तो काय म्हणेल?" हे तिचं त्यावरचं उत्तर. दोन रुपयांसाठी तो काही म्हणणार नाही, हे तिला पटवायचा नाद मी कधीच सोडला.

चौदा वर्षं तिने एका काजवालीबरोबर भागीत दुकान चालवलं. आत्या बेतायची, मशीन चालवायची. काज, बटणं, हातशिलाई सगळं काजवालीकडे. मी तिला मावशी म्हणायचे. बँकेत दोघींचं मिळून खातं होतं. पैसे काढायचे तर दोघींच्याही सह्या लागायच्या. एकमेकींवर विश्वास नव्हता असं नाही. बँकेत एकटीने जायची दोघींनाही धास्ती, म्हणून अशी सोय.

मग एकदा शाळेच्या गणवेशांच्या बाह्या आत्याने आखूड बेतल्या. एकदोन नाही, अख्ख्या वर्गाच्या. मावशी शाळेच्या माणसासमोरच म्हणाली, "मी हिला सांगत होते." खरंच सांगितलं होतं, म्हणून आत्याला जास्त झोंबलं. त्याच महिन्यात दुकान मोडलं. मशीन आणि पासबुक आत्याने घेतलं, कपाट आणि चेकबुक मावशीने. दोघी दोन गल्ल्यांच्या अंतरावर आपापल्या घरी कामं घेऊ लागल्या आणि बोलेनाशा झाल्या. आत्या हल्ली हातशिलाईचं काम घेतच नाही. विचारलं तर म्हणते, डोळे काम देत नाहीत. डोळे चांगले आहेत, सुई ओवायला लागतात तेवढे तर नक्कीच.

खातं मात्र तसंच राहिलं. त्यात जेमतेम शिल्लक होती. किमान शिल्लक नाही म्हणून बँक दर तिमाहीला दंड लावू लागली, आणि दंडावर कर, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. आधी होती ती शिल्लक संपली, मग दंड थकबाकी म्हणून साचत गेला. मेसेज आत्याच्या मोबाइलवर यायचे. ती ते न वाचता पुसायची. पण गेल्या महिन्यात शाळेने एक जुनं बिल त्या खात्यात भरलं, आणि पैसे आले तसे थकबाकीत गडप झाले. वर अजून नऊशे चाळीस बाकीच.

"काही न करता खाणारी मी माणसं बघितली," आत्या म्हणाली, "खातं पहिल्यांदाच बघते. चल, बंद करून टाकू."

बँकेतल्या अधिकारी बाई चांगल्या होत्या. त्यांनी सरळ सांगितलं, आधी थकबाकी भरा. ती असेपर्यंत खातं बंद होत नाही. मग अर्ज, दोघींची ओळखपत्रं, पासबुक आणि न वापरलेले चेक. "पैसे कुणीही एकीने भरले तरी चालतील. बंद करायच्या अर्जावर मात्र दोघींच्या सह्या हव्यात. आणि तिमाही संपायच्या आत या, नाहीतर पुढचा दंड लागेल. एखादा दंड माफ होतो का ते मॅनेजरसाहेबांना विचारू?"

"माफी नको," आत्या म्हणाली. खरी अडचण सहीची होती, आणि ती कुणी मॅनेजर सोडवणार नव्हता.

तिथल्या तिथे स्लिप भरून तिने सगळे नऊशे चाळीस भरले. अर्धे मावशीकडून का घेत नाहीस, असं मी विचारलं. "तिच्यापुढे हात पसरू?" एवढंच म्हणाली. मला मात्र मावशीकडे धाडलं, सही मागायला. भांडण यांचं आणि पायपीट माझी.

मावशीने मला बसवलं, चहा दिला, चेकबुक काढून ठेवलं. मग विचारलं, "किती होते?" मी आकडा सांगितला. "आणि तिने भरले? सगळे?" मी मान डोलावली. मावशीने माझ्या कपात आणखी चहा ओतला. मग म्हणाली, "शुक्रवारी येते म्हणावं."

शुक्रवारी दोघी बँकेत आल्या आणि मला मध्ये बसवून दोन बाजूंना बसल्या. आत्या म्हणायची, "तिला विचार, ओळखपत्र आणलंय का." मावशी म्हणायची, "सांग, मी काही विसरत नाही." अर्जावर सह्या झाल्या. उरलेले चेक बाईंनी कात्रीने कापले. मग संगणकात बघून त्या थांबल्या.

"खात्यात नऊशे चाळीस शिल्लक आहेत."

"मी सोमवारी भरले ना," आत्या म्हणाली.

"ते थकबाकीत गेले. हे काल भरलेत, दुसऱ्या शाखेतून."

आत्या सावकाश मावशीकडे वळली. मावशी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती.

"माझ्या नावाने कुणी दंड भरलेला मला चालत नाही," मावशी कॅलेंडरला म्हणाली.

बाईंनी हसू दाबलं. "शिल्लक असताना खातं बंद करता येत नाही. हे कुणा एकीच्या खात्यात पाठवावे लागतील. इथे लिहा आणि दोघी सही करा. कुणाच्या?"

"तिच्या," दोघी एकदम म्हणाल्या.

त्यानंतर जे झालं त्याला भांडण म्हणायचं की काय, मला अजून कळलेलं नाही. फक्त आता निरोप्याची गरज उरली नव्हती.

"पैसे तुझे आहेत."

"तुझे आधी गेले."

"तू कशाला भरलेस मग?"

"तू मला विचारलंस का भरताना?"

"तुला विचारायला तू बोलत होतीस का?"

"बाह्या कुणी आखूड केल्या होत्या?"

मागच्या रांगेतला एक माणूस रांग सोडून ऐकायला पुढे सरकला. मी हळूच हिशोब मांडून दाखवला: दंड दोघींचा, म्हणजे प्रत्येकीचा अर्धा. शिल्लक दोघींत निम्मी-निम्मी केली की कुणाचं कुणाकडे काही राहत नाही.

"काहीच नाही?" आत्याने विचारलं.

"एक पैसाही नाही. सगळा हिशोब चुकता."

आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी ही बाई चप्पल न काढता धावली, ती मी तिच्या हातात ठेवली होती. मला वाटलं खूश होईल. तिचा चेहरा पडला. अर्जावरच्या दोन सह्यांकडे ती बघत राहिली. बाह्या आपणच आखूड बेतल्या, ही कबुली मला त्या क्षणी तिच्या तोंडावर वाचता आली. तिचं मला फार वाईट वाटलं.

"हिच्या खात्यात टाका," ती बाईंना म्हणाली. "सगळे. माझे अर्धे राहू देत हिच्याकडे."

"का?" मावशीने विचारलं. या वेळी कॅलेंडरला नाही.

"मला मागायला येता येईल."

मावशीने पेन घेतलं, आपल्या खात्याचा नंबर लिहिला, एकेक आकडा तपासला आणि कागद सहीसाठी आत्यापुढे सरकवला.

"ये," ती म्हणाली. "पण एकदम नाही देणार. हप्त्याने देईन."