ओटीपी आधी न्हाई

तीर्थपुरीच्या बाजारपेठेत नाजियाचं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचे अर्ज, आधारची कामं. दुकानात ती एकटीच असते. घर त्याच्यावरच चालतं, घरात ती आणि तिची आई रहिमुन्निसा.

उन्हाळ्यापासून तिचं नेट जायला लागलं. मोडेमवरचा लाल दिवा लागायचा तो बराबर गर्दीच्या वेळेला. पीकविम्याच्या शेवटच्या दिवसांत तर पार बंद. बाकावर बसलेली द्वारकाबाई शेवटी कागदं पिशवीत घालून उठली.

"स्टँडवरच्या सेंटरला जाते माय. त्याचं चालू हाय म्हणतेत."

स्टँडवरच्या त्या सेंटरलाही नाजियाकडं होतं त्याच कंपनीचं नेट होतं. गावात कंपनीचा एजंट एकच, अण्णासाहेब. आणि स्टँडवरचं सेंटर त्याच्या साडूचं. नाजियाच्या मनात तेव्हा जी पाल चुकचुकली, ती पुन्हा गप्प बसली नाही.

तिनं कंपनीच्या नंबरवर तक्रार केली की तक्रार क्रमांक यायचा. मग लाइनमन सुग्रीव यायचा. दारातूनच म्हणायचा, "ताई, मोबाईलवर ओटीपी आला आसंल, तेवढा सांगा. एन्ट्री मारून खांबावर चढतो." ती सांगायची. दोन तास नेट चालायचं, पुन्हा लाल दिवा. पुन्हा फोन केला की तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणायची, "तुमची आधीची तक्रार सुटली आहे. तुम्हीच तशी खात्री दिली आहे."

"म्या कधी दिली?" नाजियाला कळेना. आपल्या नावानं कुणीतरी खोटं बोलतंय एवढं मात्र कळत होतं. तिला आता सगळ्यांचाच संशय यायला लागला. खांबाजवळ कुणी थांबलं की ती काचेतून बघत राही. सुग्रीव चहा नको म्हणाला तरी तिला त्यात काहीतरी दिसे.

एका संध्याकाळी आईशी बोलता बोलता ती जुने मेसेज चाळत होती. ओटीपीचे आकडे ती दर वेळी वरवर बघून सांगायची. आज पहिल्यांदा तिनं इंग्रजीतला पूर्ण मजकूर वाचला. काम समाधानकारक झालं असेल तरच हा क्रमांक द्या, तो दिला की तक्रार बंद होईल. दिवसभर गिऱ्हाइकांना ओटीपी कुणाला सांगू नका म्हणणारी ती, स्वतःच देत आली होती.

पुढच्या खेपेला सुग्रीव आला तसा तिनं मोबाईल गल्ल्यात ठेवला.

"सुग्रीवभाऊ, ओटीपी आधी न्हाई. उद्या दिवसभर नेट चाललं तर मंग देते."

"ताई, तक्रार उघडी राह्यली तर अण्णासाहेब मला बोलतेत."

"बोलू द्या. त्यांनीच आधी मागायला सांगितलं का?"

"मला काय इचारू नका," एवढंच सुग्रीव म्हणाला आणि शिडी घेऊन गेला.

तक्रार उघडीच राहिली. नाजियानं कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे अपील केलं. सोबत लाल दिव्याचे फोटो आणि बंद झालेल्या सगळ्या तक्रारींचे क्रमांक. त्यानंतर जालन्याहून दुसरीच माणसं आली. खांबावरच्या डब्यातला तिच्या वायरचा जोड त्यांनी नवा केला. एका दुपारचं काम. अपिलाचा निकाल आला: बंद काळाचं भाडं पुढच्या बिलात वजा. धंद्याच्या नुकसानीबद्दल मात्र, कराराप्रमाणे कंपनी जबाबदार नाही.

ती जालन्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात गेली. कंपनीच्या वकिलानं म्हणणं मांडलं की हा व्यापारी वापर आहे, या बाई ग्राहकच नाहीत. नाजियानं सांगितलं, "नोकर न्हाई, शाखा न्हाई. मी एकटीच बसते, त्याच्यावरच आमचं पोट हाय." स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेलं काम असेल तर कायदा ग्राहक मानतो, हे तिनं आधी विचारून घेतलं होतं. पुढच्या तारखेआधी वकिलानं तिला व्हरांड्यात गाठलं.

"तडजोड करून टाका. तक्रार मागं घ्या, आठवड्यात पैसे खात्यावर येतील."

"आधी येऊ द्या. मागं घेणं मंग."

"विश्वास नाही का ताई?"

"बिलकुल न्हाई."

तडजोड आयोगासमोर लेखी झाली. मागितलं त्याच्या निम्म्याहून कमी मिळालं, पण खात्यावर जमा झाल्यावरच तिनं तक्रार निकाली काढू दिली.

आता नेट चालतं. द्वारकाबाई परत आली, बरेच जण नाही आले. अण्णासाहेब बाजारात भेटले की आधी हात जोडतात, आणि नाजियाला तेच खटकतं. जोड आपोआप खराब झाला होता की कुणी केला होता, हे आयोगातही कुणी विचारलं नाही. कंपनी बदलावी तर गावात दुसरी नाही. बाजारच्या दिवशी खांबाला शिडी लागलेली दिसली की ती हातातलं काम थांबवून बाहेर येते, आणि शिडी निघेपर्यंत तिथंच उभी राहते.