‘केव्हा’चा रकाना

बारावीला मी आणि माझा चुलतभाऊ खामगावात एका खोलीत राहायचो. आम्ही पिंपळगाव राजाचे. घरात आमच्याआधी कोणी दहावीपुढे गेलं नव्हतं. भाऊ मोठा, दुसऱ्यांदा परीक्षेला बसलेला.

क्लासचे फिजिक्सचे सर मनापासून शिकवायचे, मी त्यांचा ऋणी आहे. पण हातात पाइपचा तुकडा असायचा. सूत्र भलत्या ठिकाणी लावलं की पोटरीवर फटका. त्या धाकानं मी दोन फुलस्केप शेजारी जोडून सगळी सूत्रं लिहिली आणि भिंतीला चिकटवली. धड्यांप्रमाणे नाही, कल्पनांप्रमाणे: गती, ऊर्जा, संवेग. उजवीकडे शेवटचा रकाना ‘केव्हा’. गतीच्या समीकरणांपुढे लिहिलं, ‘त्वरण स्थिर असेल तरच.’ भावानं त्याची झेरॉक्स काढून आणली आणि तिच्यावरूनच पाठ करू लागला.

रविवारी सरांनी त्याला फळ्यावर बोलावलं. गुळगुळीत जमिनीवर दोन किलोचा ठोकळा सेकंदाला तीन मीटर वेगानं स्प्रिंगवर आदळतो. स्थिरांक मीटरला दोनशे न्यूटन. स्प्रिंग किती दबेल? भावानं गतीचं समीकरण लावून एकवीस सेंटिमीटर काढले.

“काऊन रे, दबत गेली तरी स्प्रिंगचं बल तेवढंच राह्यते?” प्रत्येक शब्दाला एक फटका. भाऊ खाली बसला तरी पाइप थांबला नाही. “ऊर्जा लाव! तीस येते! पुढल्या रविवारी चुकला, तर गादी गुंडाळून गावाले जाजो.”

खोलीवर येताच भावानं माझं डोकं भिंतीवर आपटलं.

“तुह्या कागदानं मारलं मले! लिहेल होतं तेच लावलं!”

मी त्याच्या मनगटाला कडकडून चावलो. त्यानं नाकावर ठोसा मारला. त्याच्या मुठीतली झेरॉक्स खाली पडली.

“याच्यात ‘केव्हा’ कुठी आहे बे?” मी ओरडलो.

“काय केव्हा?”

मशीनमध्ये उजवी कड कापली गेली होती. मी भिंतीकडे बोट केलं. तो तिथं उभा राहून वाचत राहिला. माझ्या नाकातलं रक्त शर्टावर गळत होतं.

“आधी हे लिही,” तो म्हणाला. “सूत्र मागून.”

नवीन कागदावर ‘केव्हा’ डावीकडे आला. आठवडाभर मी सूत्रं हातानं झाकायचो आणि तो अट वाचून सूत्र सांगायचा. चुकला की स्वतःच्याच गालात मारून घ्यायचा.

पुढच्या रविवारी प्रश्न आला: गुळगुळीत टेबलावरच्या लाकडात गोळी घुसून अडकली, दोन्ही मिळून किती वेगानं सरकतील? पाइप त्याच्या पोटरीला टेकलेला.

“सर, अडकली म्हणून गतिज ऊर्जा टिकत नाही. सरकायच्या दिशेनं बाहेरचं बल नाही, म्हणून संवेग टिकते.”

“बस.”

तो माझ्या शेजारी येऊन बसला. बाकाखाली त्यानं माझा हात धरला. मनगटावर माझ्या दातांचे व्रण होते. समोर पुढच्या पोराच्या पोटरीवर पाइप वाजला.